थ्रॉटल कंट्रोलर : वेग वाढतो का?

काय बदलते? नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलमधले सेन्सर पेडल किती दाबले ते व्होल्टेजने ईसीयूला कळवतात. कंट्रोलर पेडलच्या कनेक्टरमध्ये बसतो आणि हा संदेश वाढवून पुढे पाठवतो. पेडल ३० टक्के दाबले, तर ईसीयूला ५० टक्के दाबल्याचे कळू शकते. त्यामुळे गाडी चपळ वाटते.

काय बदलत नाही? पेडल पूर्ण दाबल्यावर दोन्ही आकडे १००च असतात. इंजिनची ताकद तेवढीच राहते, टर्बोला लागणारा वेळही.

कसे तपासाल? मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर पेडल पूर्ण दाबून ४० ते ८०चा वेळ मोजा, आधी कंट्रोलरशिवाय आणि मग लावून. फरक जवळजवळ दिसणार नाही.

जंगलातल्या रस्त्यावर : पावसाळ्यात भामरागडकडच्या चिखलात कंट्रोलरच्या ‘स्पोर्ट’ मोडवर जरासा पाय पडला तरी चाके जागीच फिरू शकतात. तिथे पेडल मऊ करणारा ‘इको’ मोड बरा.

सावधान : सेन्सरचे संदेश जुळले नाहीत, तर इंजिनचा दिवा लागून ताकद मर्यादित होते. बसवण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

निष्कर्ष : पेडलचा प्रतिसाद बदलायचा असेल तरच घ्या, वेगासाठी नको.