नाट्यसंगीत ऐकताना पहिलं पाऊल कुठं टाकावं?

नाट्यसंगीताचा इतिहास 1880 मध्ये पुण्यात झालेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून सांगितला जातो. ऐकण्याची सुरुवात मात्र तिथून करायची गरज नसते. बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका पहिल्याच दिवशी लावली, तर खरखर, ऑर्गनचा सूर आणि भराभर येणाऱ्या हरकती यांत शब्द हरवतात आणि नवखा श्रोता कंटाळतो. अलीकडून मागे जाणं जास्त सोपं.

पहिल्या ऐकण्याला वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ (1964) सर्वांत सोयीचं. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचं, निर्मिती ‘द गोवा हिंदू असोसिएशन’ची. ‘गर्द सभोवती’ हे आशालता वाबगावकरांनी गायलेलं पद जवळजवळ भावगीतासारखं आहे. चाल शब्दांच्या अर्थाला धरून चालते, ताना मोजक्या आणि सगळं आटोपशीर. रामदास कामतांचं ‘गुंतता हृदय हे’ त्यानंतर घ्यावं. त्यात शास्त्रीय गाण्याचा रंग थोडा गडद होतो, पण शब्द कुठंच सुटत नाहीत. दोन्ही पदांत एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं: मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, गायक कितव्यांदा आणि कशा वळणानं परत गातो. नाट्यपदाची सगळी बांधणी या मुखड्यावर तोललेली असते. मधला विस्तार कितीही लांबला तरी गायक तबल्याच्या समेवर मुखडा नेमका आणतो, आणि प्रेक्षकांची दाद बहुधा तिथंच येते.

मुखडा ओळखता येऊ लागला की ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) घ्यावं. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पुन्हा अभिषेकींचं. दोन गायकींच्या झगड्याची ही कथा असल्यानं इथं गाणंच नाटकाचा विषय आहे. ‘घेई छंद मकरंद’ या पदाच्या दोन चाली लागोपाठ ऐकणं हा नवशिक्याला मिळू शकणारा सर्वांत चांगला धडा. शब्द तेच. पंडितजींची चाल धानी रागात, संथ आणि सुरेल आर्जवाची. खाँसाहेबांची सालगवराळीत, चपळ आणि आक्रमक. वसंतराव देशपांड्यांनी ती गाजवली. ऐकताना रागाचं नाव ठाऊक नसलं तरी चालतं. शब्द एकच असताना दोन माणसं वेगळी वाटतात, ती चाल, लय आणि आवाजाच्या फेकीमुळे, हे कानाला आपोआप कळतं. 2015 च्या चित्रपटातही दोन्ही रूपं आहेत. तिथून आलेल्या श्रोत्यानं एकदा तरी वसंतरावांचं मूळ गाणं शोधावं.

यानंतर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’कडे (1916) वळता येतं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणीची भूमिका बालगंधर्वांची. त्यातलं ‘सुजन कसा मन चोरी’ भूप रागात आहे. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात. म आणि नि वर्ज्य. त्यामुळे रागाची चौकट लवकर ओळखीची होते. ही चाल ख्यालाच्या चीजेवर बेतलेली आहे. भास्करबुवांनी मैफलीतल्या चीजेचं वळण रुक्मिणीच्या मनःस्थितीला जुळवून घेतलं. ‘नाथ हा माझा’ हे यमनातलं पद त्याच्या पाठोपाठ ऐकलं, तर दोन रागांतला फरक शब्दांत न मांडताही कळतो.

इथं एक अडचण हमखास येते. तीच पदं पुढच्या गायकांनी मैफलीत पंधरा-वीस मिनिटं रंगवलेली सापडतात. गाणं उत्तम असतं, पण आलाप-तानांचा फुलोरा वाढत गेला की पद बाजूला राहतं आणि नाटकातली रुक्मिणी दिसेनाशी होते. ऐकता ऐकता मुखडा कुठला हेच आठवेनासं झालं, तर समजावं की ही आवृत्ती अजून लवकर आहे. जुन्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. गायकाला आटोपतं घ्यावंच लागे, आणि ती सक्ती शिकाऊ कानाला उपकारक ठरते. आवाजाच्या खरखरीची सवय तोवर झालेली असते.

दीनानाथ मंगेशकरांची पदं शेवटी ठेवावीत. सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’मधली (1931) ‘मर्मबंधातली ठेव ही’ आणि ‘शतजन्म शोधिताना’ ही पदं रामकृष्णबुवा वझ्यांनी बांधली. बालगंधर्वांचा सूर मुलायम, तर दीनानाथांचा सूर तडफदार. तान अचानक झेप घेते आणि स्वर अनपेक्षित जागी जाऊन ठेपतात. पहिल्या ऐकण्यात ते विस्कळीत वाटण्याची शक्यता असते. मुखड्याचा धागा धरून दोन-तीनदा ऐकल्यावर त्या झेपांच्या आतली आखणी दिसू लागते.