‘नावावर करणे’ आणि ‘वर्ग करणे’ : विधवेने बँकेस लिहावयाच्या पत्राची भाषा

पतीच्या निधनानंतर त्याच्या ठेवी मिळाव्यात म्हणून मराठी स्त्री बँकेस जो अर्ज करते, तो बहुधा घरातील एखाद्या लिहित्या माणसाने सांगितलेला असतो, आणि त्याचा साचा ठरून गेलेला आहे. नमुन्यादाखल पुढील दोन वाक्ये घेता येतील : ‘माझे पती मयत झाले असून त्यांचे आपल्या शाखेत बचत खाते आहे. मी त्यांची कायदेशीर वारस असल्याने सदर खाते माझ्या नावावर करून त्यातील रक्कम मला मिळावी, ही विनंती.’ व्याकरणदृष्ट्या या वाक्यांत दोष काढण्याजोगे काही नाही. तरीही ‘नावावर करणे’ आणि ‘वारस’ हे त्यांतील दोन शब्दप्रयोग असे आहेत की, बँकेतील कारकुनास त्यांवर काही करता येत नाही, आणि अर्ज तेथेच अडतो.

‘नावावर करणे’ हा प्रयोग मराठीत जमीनमहसुलाच्या व्यवहारातून रुजलेला दिसतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मयताचे नाव कमी होते व फेरफाराने वारसांची नावे लागतात. जमीन, तिचा गट क्रमांक, तिच्या चतुःसीमा जागच्या जागी राहतात. घरपट्टी आणि विजेचे मीटर यांविषयीही लोक असेच बोलतात. वस्तू कायम, नाव तेवढे बदलते, अशी ही कल्पना आहे. बँकेतील ठेव मात्र या अर्थाने वस्तूच नव्हे. ते बँकेने ठेवीदाराचे देणे असलेले ऋण होय, आणि खाते म्हणजे त्या दोघांमधील करार. ठेवीदार मृत्यू पावला की त्याच्या एकट्याच्या नावाचे खाते पुढे चालविता येत नाही. ते बंद करून देणे असलेली रक्कम हक्कदारास चुकती करावयाची असते. म्हणून ‘खाते माझ्या नावावर करावे’ ही मागणी बँकेच्या दृष्टीने अशक्य गोष्टीची मागणी ठरते. येथे योग्य क्रियापद ‘वर्ग करणे’ हे आहे. वर्ग होते ती रक्कम, खाते नव्हे. आणि एका खात्यातून ती निघावयाची तर ती जाण्यास दुसरे खाते हवे. अर्जदार स्त्रीचे स्वतःचे खाते नसेल तर ते आधी उघडावे लागते, ही व्यावहारिक पायरी ‘नावावर करणे’ या शब्दांत मुळीच दिसत नाही.

याला एक अपवाद आहे. खाते पतिपत्नींचे संयुक्त असेल व ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ अशी त्यावर सूचना असेल, तर खाते बंद करावे लागत नाही. मयताचे नाव कमी होते. अशा अर्जात ‘नाव कमी करावे’ एवढेच लिहावयाचे. महसुली भाषा येथे चपखल बसते.

‘वारस’ या शब्दाची अडचण अधिक खोल आहे. एक उदाहरण घेऊ. मृत्युपत्र न करता मृत्यू पावलेल्या एका हिंदू गृहस्थाच्या बचत खात्यात २,४०,००० रुपये आहेत व त्या खात्यावर पत्नीचे नामनिर्देशन आहे. त्याच शाखेत ३,००,००० रुपयांची मुदत ठेवही आहे, पण तिच्यावर नामनिर्देशन केलेले नाही. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि गृहस्थाची आई अशी चार माणसे आहेत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांचे हिस्से समान आहेत. म्हणजे व्याज बाजूस ठेवल्यास एकूण ५,४०,००० रुपयांपैकी प्रत्येकास १,३५,००० रुपये येतात.

आता पत्नी जेव्हा ‘मी वारस आहे’ असे लिहिते, तेव्हा ती खरेच लिहिते. परंतु हे विधान ऐकताच कारकुनाने विचारावयाचा प्रश्न ‘आणखी वारस कोण?’ हाच असतो. त्यातून इतरांच्या सह्या, संमतिपत्रे, नुकसानभरपाईचे हमीपत्र असे सगळे मागितले जाते. बचत खात्याच्या बाबतीत यांपैकी कशाचीही गरज नव्हती. बँकिंग नियमन अधिनियमाच्या कलम ४५ झेडए प्रमाणे नामनिर्देशित व्यक्तीस रक्कम दिली की बँक आपल्या देण्यातून मोकळी होते. आणि अशा खात्यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र वा हमीपत्र मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००५ साली बँकांना बजावले. तेव्हा या खात्यापुरते अर्जदार स्त्रीने आपणास ‘नामनिर्देशित’ म्हणवावे, ‘वारस’ म्हणवू नये.

याचा अर्थ २,४०,००० रुपये तिचे एकटीचे झाले असा नव्हे. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती सर्व वारसांच्या वतीने, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींविषयी २०१० साली स्पष्ट केले आहे. सासूने वा मुलांनी आपला हिस्सा मागितल्यास तो द्यावा लागेल. ‘नामनिर्देशित’ या शब्दाने पैसे घेण्याचा अधिकार सांगितला जातो, ‘वारस’ या शब्दाने मालकीचा. बोलीत या दोहोंना वेगवेगळे शब्द नाहीत; ‘त्यांनी माझे नाव लावले आहे’ या एकाच वाक्यात दोन्ही मिसळून जातात, आणि घरांतील पुष्कळसे कलह येथेच उगम पावतात.

मुदत ठेवीसाठी मात्र ‘वारस’ हाच शब्द हवा, आणि तो अनेकवचनी हवा. तेथे चौघांचा एकत्र दावा लागतो, अथवा तिघांनी पत्नीस संमती द्यावी लागते. रक्कम बँकेने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे असेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखाली न्यायालयाचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. म्हणून दोन ठेवींसाठी दोन स्वतंत्र अर्ज करावेत. एकाच अर्जात दोन्ही गोविल्या म्हणजे सोपी ठेव अवघड ठेवीच्या कागदपत्रांसाठी खोळंबते.

नावाचा प्रश्नही भाषिकच आहे. नामनिर्देशनाच्या वेळी जी ‘सौ.’ होती ती आता ‘श्रीमती’ होते; जुन्या रीतीची माणसे ‘गं. भा.’ लिहितात. उपपद बदलल्याने सहसा बिघडत नाही, पण नामनिर्देशनात माहेरचे नाव व आधारपत्रावर सासरचे असेल तर अर्ज थांबतो. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे अर्जातच लिहून विवाह प्रमाणपत्र वा प्रतिज्ञापत्र जोडावे.

बचत खात्याचा अर्ज मग असा होईल : ‘आपल्या शाखेतील बचत खाते क्रमांक अमुक याचे धारक, माझे पती, दि. अमुक रोजी मृत्यू पावले. सदर खात्यावर माझे नामनिर्देशन नोंदलेले आहे. तरी हे खाते बंद करून त्यातील संपूर्ण शिल्लक व्याजासह माझ्या खाते क्रमांक अमुक यात वर्ग करावी, ही विनंती. सोबत मृत्यू दाखला व ओळखीचा पुरावा जोडला आहे.’ ‘मिळावी’च्या जागी ‘वर्ग करावी’ आल्याने वाक्याचा अध्याहृत कर्ता बदलला आहे. ‘मला मिळावी’ यात देणारा कोणीच नाही. ‘वर्ग करावी’ यात ‘बँकेने’ हा कर्ता न लिहिताही उभा राहतो. विनयाचा सूर तोच राहतो, कारण दोन्ही रूपे विध्यर्थीच आहेत.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. दाव्याचा निकाल पंधरा दिवसांत लावावयाचा असतो, आणि ते दिवस मोजले जातात ते आवश्यक कागद पूर्ण झाल्यापासून.