एका पिढीला एक पाहुणा : जनुकप्रवाहाचे गणित आणि आपला दवाखाना

बालरोगतज्ज्ञाच्या केसपेपरवर एक प्रश्न ठरलेला असतो : 'आईवडिलांचे लग्न नात्यातले आहे काय?' उत्तर 'नाही' आले की आपण पुढच्या रकान्याकडे वळतो. मातापित्यांची गोत्रे वेगळी, गावे वेगळी, पाच-सहा पिढ्यांत कोठेही नातेसंबंध नाही. तरीही बाळात दोन्ही बाजूंनी आलेला सदोष जनुक दिसतो, आणि हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आलेला आहे. याचे स्पष्टीकरण वंशावळीत सापडत नाही. ते लोकसमूहाच्या इतिहासात सापडते, आणि त्यासाठी लोकसंख्या-जनुकशास्त्रातील एक जुना, साधा पण अतिशय उपयुक्त विचार समजून घ्यावा लागतो. या विचारातील एक महत्त्वाचे उदाहरण आपल्या हैदराबादेतच अभ्यासले गेले, म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

प्रथम ड्रिफ्ट म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक पिढीत मातापित्यांच्या जनुकांतून काही जनुके पुढे जातात, काही जात नाहीत. कोणती जातील हे पुष्कळसे योगायोगावर ठरते. लोकसमूह मोठा असेल तर हे योगायोग परस्परांना खोडून काढतात. समूह लहान असेल तर मात्र एखाद्या जनुकाचे प्रमाण काही पिढ्यांतच दुप्पट-चौपट होऊ शकते किंवा तो नाहीसाही होऊ शकतो. त्यात जनुकाच्या गुणदोषांचा संबंध नसतो. दोन लहान समूह एकमेकांपासून अलग राहिले, तर दोघेही यदृच्छेने वेगवेगळ्या दिशांना भरकटत जातात. याच भरकटण्याला ड्रिफ्ट म्हणतात.

या भरकटण्याला बांध घालते ते स्थलांतर. येथे स्थलांतर म्हणजे घर बदलणे नव्हे. बाहेरून आलेल्या व्यक्तीने समूहात विवाह करून अपत्यांना जन्म देणे, हा त्याचा खरा अर्थ. यालाच जनुकप्रवाह म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ सीवॉल राइट यांनी १९३१ साली याचे गणित मांडताना एक कल्पित चित्र वापरले. समुद्रात अनेक बेटे आहेत, प्रत्येकावर सारखीच लोकसंख्या आहे आणि प्रत्येक पिढीत प्रत्येक बेटावर काही पाहुणे उरलेल्या सर्व बेटांच्या सामाईक साठ्यातून येतात. एकीकडे ड्रिफ्ट बेटांना वेगळे करीत असते, दुसरीकडे पाहुणे त्यांना सारखे करीत असतात. पुरेसा काळ लोटला की दोहोंचा तोल साधतो, आणि तो असा :

FST ≈ 1/(1 + 4Nm)

येथे FST म्हणजे एकूण जनुकीय विविधतेपैकी बेटाबेटांतील फरकामुळे असलेला हिस्सा, N म्हणजे एका बेटावरील प्रजननक्षम लोकसंख्या आणि m म्हणजे दर पिढीत बाहेरून आलेल्यांचे प्रमाण. म्हणजेच Nm ही पाहुण्यांची प्रत्यक्ष संख्या झाली. दर पिढीला एकच पाहुणा आला तर उत्तर एक-पंचमांश येते, म्हणजे ८० टक्के विविधता प्रत्येक बेटावरच राहते. दहा पाहुणे आले तर बेटाबेटांतील फरकाचा हिस्सा अडीच टक्क्यांच्या आसपास उतरतो.

या सूत्रातील नवलाची गोष्ट अशी की, बेट लहान की मोठे याला येथे महत्त्व उरत नाही. शंभर माणसांच्या बेटावर एक पाहुणा म्हणजे एक टक्का. दहा हजारांच्या बेटावर एक पाहुणा म्हणजे समुद्रात थेंब. तरीही परिणाम सारखाच कसा? याचे कारण असे की, मोठ्या बेटावर ड्रिफ्टही शंभरपट मंद असतो. थेंब लहान झाला, पण ज्याच्याशी त्याला झुंजायचे तो प्रतिस्पर्धीही तितकाच दुबळा झाला.

आता आपल्याकडच्या उदाहरणाकडे येऊ. सक्सिनिलकोलीन देऊन इन्ट्युबेशन केल्यावर रुग्णाचा श्वास पाच-दहा मिनिटांत परतावयास हवा. ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम जन्मतः जवळजवळ नसेल, तर हाच श्वास कित्येक तास परतत नाही. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात हा दोष इतर भारतीय समूहांच्या तुलनेत सुमारे शंभरपट अधिक आढळतो, हे भूलतज्ज्ञांना परिचित आहे. त्यामागील एक बदल ज्ञात आहे : एन्झाइमच्या साखळीत ३०७ व्या स्थानी ल्यूसीनऐवजी प्रोलीन येते.

सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी या हैदराबादच्या संस्थेतील लालजी सिंग व के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांनी २००९ साली भारतातील २५ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेक समूह मूठभर पूर्वजांपासून वाढले असल्याच्या खुणा त्यांना जनुकांत सापडल्या. वैश्य समाजातील ही घटना शंभराहून अधिक पिढ्यांपूर्वीची, म्हणजे दोन ते तीन हजार वर्षे जुनी, असे त्यांनी दाखविले. मूठभर पूर्वजांपैकी कोणा एकाकडे एन्झाइमचा सदोष जनुक असला, की त्या लहानशा समूहात त्याचे प्रमाण एकदम मोठे ठरते. पुढे समाज वाढून लाखांत गेला. मोठ्या समूहात ड्रिफ्ट जवळजवळ थांबतो, म्हणून प्रारंभी योगायोगाने ठरलेले प्रमाण तसेच गोठून राहिले. निसर्गनिवडीनेही ते कमी केले नाही, कारण सक्सिनिलकोलीन वापरात आले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. त्यापूर्वी हा दोष असलेल्या माणसाला सहसा काहीच त्रास होत नव्हता.

म्हणजे हे गोठलेले प्रमाण वितळविण्यास समर्थ अशी एकच शक्ती उरते : जनुकप्रवाह. तो किती असता तर पुरेसा झाला असता, हे एका काल्पनिक पण सोप्या आकडेमोडीने पाहू. समजा, समूहात सदोष जनुकाचे प्रमाण १० टक्के आहे आणि बाहेर १ टक्का. रोग होण्यास दोन प्रती लागतात, म्हणून समूहात दर १०० मागे एक रुग्ण आणि बाहेर दर १०,००० मागे एक. जनुकाच्या प्रमाणात दहापट फरक असला की रुग्णसंख्येत शंभरपट फरक दिसतो, हे येथे लक्षात घ्यावे.

आता दर पिढीत तीसपैकी एक जण बाहेरून आला असे धरू. तर आतला-बाहेरचा फरक दर पिढीत एक-तिसांशाने घटतो. पहिल्या पिढीत ९ टक्क्यांचा फरक ८.७ होतो, आणि बदल जाणवतही नाही. परंतु वीस पिढ्यांनी तो निम्मा, सुमारे ४.६ टक्के उरतो. जनुकाचे प्रमाण ५.६ टक्क्यांवर येते आणि रुग्णांचे प्रमाण दर ३२० मागे एक, म्हणजे एक-तृतीयांशाहूनही कमी होते. शंभर पिढ्यांनी मूळ फरकाचा केवळ तीन टक्के हिस्सा शिल्लक राहतो, आणि रुग्ण दर ५,९०० मागे एक. प्राचीन खूण जवळपास पुसली जाते. याउलट हजारात एकच बाहेरचा येत असेल, तर शंभर पिढ्यांनंतरही नव्वद टक्के फरक कायम राहतो.

२००९ च्या अभ्यासातील युक्तिवाद याच जातीचा होता. तीसहून अधिक पिढ्यांपूर्वीच्या खुणा आजही स्पष्ट दिसतात, त्याअर्थी या समूहांत बाहेरून येणाऱ्यांचे प्रमाण सरासरीने दर पिढीस तीसात एकाहूनही कमी असले पाहिजे. शंभर पिढ्यांची खूण जपणाऱ्या वैश्य समाजाच्या बाबतीत ते याहूनही बरेच कमी असणार, हे वरच्या आकडेमोडीवरून ध्यानात येईल. आणि ही काही एका समाजाची कथा नव्हे. २०१७ साली याच गटाने २६० हून अधिक दक्षिण आशियाई समूहांचे परीक्षण केले, तेव्हा ८१ समूहांत पूर्वजसंकोचाची खूण अश्केनाझी ज्यू आणि फिन लोकांहूनही तीव्र आढळली. म्हणून कोणत्याही एका समाजाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. सगोत्र विवाह टाळल्याने अलीकडचे नाते टळते. परंतु दोन्ही गोत्रे शेवटी त्याच मूठभर पूर्वजांच्या साठ्यातली असतील, तर शंभर पिढ्यांपूर्वीचा एकच जनुक दोन्ही बाजूंनी बाळाकडे येऊ शकतो. गोत्राचे नियम बेटाच्या आतील वाटा बदलतात, बेटावर पाहुणा आणीत नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. राइट यांचे सूत्र उलटे वापरण्याचा मोह अनेकांना पडतो. समजा, दोन मोठ्या समूहांतील FST ०.०१ आले. सूत्र सांगेल की दर पिढीला सुमारे पंचवीस पाहुणे येत असावेत. हा निष्कर्ष साफ चुकीचा असू शकतो, कारण सूत्रातला तोल साधण्यास फार काळ लागतो आणि मोठ्या समूहांत तो हजारो पिढ्यांचा असतो. दोन समूह पूर्णपणे अलग होऊनही मोठे असल्यामुळे अद्याप फारसे भरकटले नसतील, तरी FST तितकेच लहान येईल. शिवाय खरी बेटे सारख्या आकाराची नसतात आणि पाहुणे बहुधा शेजारच्याच बेटावरून येतात. हा फरक ओळखण्याचा मार्ग वेगळा आहे. दोन व्यक्तींत समान असलेले गुणसूत्राचे तुकडे किती लांब आहेत ते पाहतात. पिढी-दर-पिढी पुनर्संयोगाने हे तुकडे लहान होत जातात, म्हणून लांब तुकडे अलीकडचा पूर्वज दर्शवितात आणि आखूड तुकडे प्राचीन पूर्वज. शंभर पिढ्यांचा आकडा अशाच मोजमापातून आला, केवळ FST वरून नव्हे.

आपल्या व्यवसायापुरते सांगावयाचे तर, इतिहास घेताना 'नात्यातले लग्न?' याच्या जोडीला 'दोघेही एकाच पोटजातीतले काय?' हा प्रश्न सौजन्याने विचारावा. कुटुंबात भुलीनंतर श्वास उशिरा परतल्याची हकीकत असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी कोलिनएस्टरेजची पातळी करून घ्यावी. एन्झाइम जवळजवळ शून्य असलेल्या प्रकारात डिब्युकेन नंबरवर विसंबता येत नाही, प्रत्यक्ष पातळीच पाहावी लागते. ती कमी आली तर कीटकनाशकाचा संपर्क व यकृताचा विकार हेही विचारात घ्यावेत. घटना घडलीच तर उपाय एकच : रुग्णाला झोपेत ठेवून शांतपणे कृत्रिम श्वास चालू ठेवणे.

आणि समूहाबाहेर विवाह करणाऱ्या दांपत्याने विचारले, तर वरच्या उदाहरणातील उत्तर असे : समूहाच्या आत अपत्याचा धोका शंभरात एक, समूहाबाहेरच्या जोडीदारासह हजारात एक. हा दहापट लाभ त्याच पिढीत मिळतो. सदोष जनुक मात्र नाहीसा होत नाही; तो पातळ होऊन वाहक म्हणून पुढे जातो, आणि समाजातील त्याचे प्रमाण उतरावयास वीस-वीस पिढ्या लागतात.