एकाच पाकिटात सगळा पुरावा

समजा, अमेरिकेचा नागरिक झालेल्या मुलाने आईच्या ग्रीन कार्डसाठी आय-१३० अर्ज भरला. तो १९७८ साली सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, आजोळी जन्मला. जन्माची नोंद राहून गेली होती, ती २०१९ साली दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने झाली. तोच दाखला त्याने अर्जाला जोडला. काही महिन्यांनी अमेरिकी इमिग्रेशन खात्याची नोटीस आली: आणखी पुरावा द्या. तिकडे सगळे तिला ‘आरएफई’ म्हणतात.

ही नकाराची नोटीस नव्हे. अधिकाऱ्याची शंका एवढीच, की चाळीस वर्षांनी केलेल्या नोंदीवरून आई-मुलाचं नातं सिद्ध झालं असं कसं मानायचं? तोच दाखला पुन्हा पाठवून ही शंका फिटत नाही. जन्माच्या जवळच्या काळातले कागद हवेत. आईचं नाव असलेला शाळेच्या प्रवेश रजिस्टरचा उतारा, जुनं रेशन कार्ड, लसीकरणाची नोंद. जोडीला निदान दोघांची प्रतिज्ञापत्रं. मावशीने नुसतं ‘हा माझ्या बहिणीचा मुलगा’ असं लिहून भागणार नाही. तिचा पत्ता, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, आईशी असलेलं नातं आणि बाळंतपणाच्या वेळी ती त्याच घरात होती, हे त्यात यायला हवं. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखलाही लागतो. मराठी कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. ते पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं.

मुदत जास्तीत जास्त ८४ दिवसांची असते आणि नोटीस टपालाने आली तर तीन दिवस अधिक मिळतात. नोटिशीवर छापलेली तारीख प्रमाण मानावी. त्या तारखेला पाकीट खात्याच्या हाती पडलेलं असलं पाहिजे. पोस्टाचा शिक्का कामाचा नाही. मुदतवाढ मिळत नाही. गावच्या शाळेतून उतारा मिळवायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिकडे माणूस पाठवावा.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे उत्तर तुकड्यातुकड्याने पाठवणं. नियमानुसार सगळा पुरावा एकाच वेळी द्यायचा असतो. अर्धवट उत्तर आलं, की आहे त्या कागदांवर निर्णय द्या, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. एखादा कागद मिळतच नसेल, तर शाळेकडून तसं लेखी घ्यावं आणि ते पत्रही त्याच पाकिटात घालावं. सर्वांत वर मूळ नोटीस ठेवावी. पत्ता नोटिशीत दिलेलाच घालावा आणि पोच मिळेल अशाच कुरिअरने पाठवावं.

मुदतीत उत्तर पोहोचलं नाही, तर अर्ज सोडून दिल्याचं धरून तो नाकारता येतो. अशा निर्णयावर अपील नाही. प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती करता येते, पण तिची कारणं मोजकीच आहेत. त्यांतलं एक असं, की पत्ता बदलल्याचं रीतसर कळवूनही नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. म्हणून घर बदलताच खात्याला पत्ता कळवावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.