लंबक थांबणारच, हे सिद्ध कसे करायचे?



यंदा प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग चालू असताना अकरावीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, लंबक थांबतो हे दिसते, पण तो थांबणारच, हे गणिताने कसे सांगायचे?" आम्ही तेव्हा "हवेचा रोध असतो म्हणून" एवढेच सांगून पुढे गेलो. ते कारण खरे होते, पण ती सिद्धता नव्हती. राहिलेले उत्तर या लेखात देत आहोत.

९८ सेंटिमीटर लांबीची हलकी, ताठ सळई घ्या. तिच्या टोकाला गोळा आहे. सरळ खाली लोंबणाऱ्या स्थितीपासून गोळा जितका बाजूला असेल तो कोन θ, आणि हा कोन ज्या वेगाने बदलतो तो ω. कोन रेडियनमध्ये मोजायचा. गुरुत्वत्वरण ९.८ धरले, तर ९.८ भागिले ०.९८ म्हणजे बरोबर १० येतात. रोधासाठी आपण ०.२ हा आकडा घेऊ. आता लंबकाची गती दोन ओळींत मांडता येते (अक्षरावरील लहान रेघ म्हणजे त्या राशीच्या बदलाचा दर):

θ′ = ω
ω′ = −१० sin θ − ०.२ ω

अडचण आहे ती sin θ मुळे. कोन लहान असेल तर sin θ च्या जागी θ लिहून आपण सुटतो. पण लंबक ६० अंशांवरून सोडला, तर θ = १.०४७ आणि sin θ = ०.८६६. आता एकाच्या जागी दुसरे लिहिणे चालणार नाही. अशा प्रणालीला अरेषीय म्हणतात. वरच्या समीकरणांचे उत्तर आपल्या ओळखीच्या फलांत लिहिता येत नाही. मग समीकरण न सोडवताच उत्तराविषयी काही खात्रीने सांगता येईल का?

येते, असे रशियन गणिती अलेक्सांद्र ल्यापुनोव्ह यांनी १८९२ साली आपल्या प्रबंधात दाखवले. त्यांची युक्ती अशी. प्रणालीच्या प्रत्येक स्थितीला एक संख्या द्यायची. तिला V म्हणू. समतोल स्थितीत V शून्य असावी आणि तिच्या आसपास सर्वत्र धन असावी. प्रणाली आपल्या नियमाने चालत असताना V कधीही वाढत नाही एवढे दाखवले, की समतोल स्थिर ठरतो. कढईत सोडलेली गोटी मनात आणा. तिची उंची कधीच वाढत नसेल, तर ती कुठून कशी फिरते हे न पाहताही ती काठाबाहेर जाणार नाही, हे आपण सांगू शकतो.

आपल्या लंबकासाठी V म्हणून ऊर्जा घेऊ. एकूण ऊर्जेला गोळ्याचे वस्तुमान आणि लांबीचा वर्ग यांनी भागले की सुटसुटीत राशी मिळते:

V = ω²/२ + १०(१ − cos θ)

पहिला भाग वेगाचा, दुसरा उंचीचा. खाली स्थिर लोंबताना दोन्ही शून्य, आसपास इतरत्र बेरीज धन. आता V च्या बदलाचा दर काढू. पहिल्या भागापासून ω × ω′ मिळते, दुसऱ्यापासून १० sin θ × ω. त्यात ω′ ची किंमत घाला:

V′ = ω(−१० sin θ − ०.२ ω) + १० ω sin θ = −०.२ ω²

त्रास देणारा sin θ आपसांत कटून गेला! उरलेली राशी कधीच धन नसते. म्हणजे V वाढत नाही. ६० अंशांवरून अलगद सोडलेल्या लंबकाची V सुरुवातीला ५ असते. ती ५ च्या वर कधी जाणार नाही, म्हणून कोन ६० अंशांपलीकडे जाणार नाही आणि ω हा ३.१७ च्या आतच राहील. समीकरण न सोडवता एवढे मिळाले.

पण इथे घाई करू नका. बहुतेक विद्यार्थी इथेच लिहितात, "V कमी होते, म्हणून ती शून्यावर जाते." हे चूक आहे. झोक्याच्या टोकाला गोळा क्षणभर थांबतो. तेव्हा ω शून्य, म्हणून V′ ही शून्य. मग लंबक तिथेच अडकून राहील का? समजा, V′ सतत शून्य राहिली. मग ω ही सतत शून्य, म्हणून ω′ शून्य, म्हणून sin θ शून्य हवा. १८० अंशांच्या आत हे फक्त θ = ० असतानाच घडते. म्हणजे तळ सोडून कुठेही लंबक थांबून राहू शकत नाही, आणि V ला शून्याकडेच जावे लागते. हा युक्तिवाद नीट प्रमेयरूपात बार्बाशिन आणि क्रासोव्स्की यांनी १९५२ मध्ये मांडला, आणि १९६० मध्ये अमेरिकेत लासाल यांनीही. रोध शून्य असता तर V′ नेहमीच शून्य राहिली असती. लंबक मर्यादेत राहिला असता, पण थांबला नसता. "स्थिर" आणि "अखेर समतोलावर येणारा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही खात्री कुठपर्यंत चालते? गोळा सरळ वर उभा असेल, तेव्हा V = २०. हा आपल्या कढईचा काठ. लंबक खाली असताना ω = ६ एवढा धक्का दिला, तर V = १८, म्हणून तो वरून पलीकडे जाणार नाही. ω = ७ असेल तर V = २४.५, आणि आपली सिद्धता तिथे गप्प बसते. ती "पलीकडे जाईल" असेही म्हणत नाही.

आता एक मुद्दाम चुकवलेला प्रयत्न पाहा. कोणी V = θ² + ω² घेतली, तर तीही तळाशी शून्य आणि इतरत्र धन आहे. पण θ = ०.५ आणि ω = −१ असताना V′ सुमारे ८.२ येते, म्हणजे V वाढते! लंबक बिघडला का? नाही. गोळा तळाकडे येताना कोन कमी होतो, पण वेग त्याहून झपाट्याने वाढतो, आणि या V ने दोघांना सारखेच वजन दिले. आपली निवड चुकली, एवढाच त्याचा अर्थ. योग्य V सापडली नाही म्हणून प्रणाली अस्थिर ठरत नाही. V शोधून काढण्याची सर्वत्र लागू पडणारी एक कृती नाही. जिथे ऊर्जा दिसते तिथे आधी तिच्यापासून सुरुवात करावी.

शेवटी, घरच्या झोपाळ्यावर बसून हे ताडून पाहा. पाय न हलवता बसलात तर झोका मंदावत जातो. पाय मागेपुढे करून झोका चढवलात, तर तुम्ही बाहेरून ऊर्जा घालता. मग वरची दोन समीकरणे लागू राहत नाहीत आणि V वाढू शकते. म्हणून सिद्धता लिहिण्यापूर्वी पहिली ओळ हीच लिहा की प्रणालीत काय काय धरले आहे.

ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, तिला आता एक काम देत आहोत. रोध ०.२ ω ऐवजी ०.२ ω³ असेल, तर V′ काय येईल, आणि लंबक तरीही थांबेल का? उत्तर कोणीही आणून दाखवावे.