साखर खालच्या खणात

सकाळी सहा. घर जागं व्हायच्या आत मी वहीत डावीकडच्या पानावर भांडण उघडं करून लिहून काढते. नाटकाच्या दुसऱ्या अंकातला हा प्रवेश. स्थळ कोकणातलं कौलारू घर. धाकटा भाऊ नंदू तिथेच राहिला, त्याने आईचं आजारपण काढलं. थोरली बहीण लग्न होऊन पुण्याला गेली. आता नंदूला घर विकायचंय आणि ताईला ते ठेवायचंय. जो राहिला तो कंटाळलाय, जी गेली तिला माहेर हवंय. उलट असतं तर भांडण सोपं झालं असतं आणि कदाचित लिहावंसंही वाटलं नसतं.

डाव्या पानावर दोघं मनातलं सगळं बोलून टाकतात. नंदू म्हणतो, तू निघून गेलीस, मी अडकलो. एकदा तरी म्हण की मी आईचं खूप केलं. ताई म्हणते, घर गेलं तर मी कुणाची? ही वाक्यं रंगमंचावर जाणार नाहीत. पण ती लिहिल्याशिवाय उजवं पान मी उघडत नाही. दडवायचं काय हेच ठरलेलं नसेल, तर वरचे संवाद नुसते गूढ होतात. आणि गूढपणाला प्रेक्षक दहा मिनिटांत विटतो.

आठ वाजता कागदपत्रांचा विचार. वरवरचं भांडण खरं असायला हवं. वडिलांनी स्वकष्टाने बांधलेलं घर, मृत्युपत्र नाही, आईही गेलेली. म्हणजे निम्मं निम्मं, आणि खरेदीखतावर दोघांची सही लागणार. नंदूने हक्कसोडपत्र पुढे केलं असतं तर प्रवेश पैशाचा झाला असता आणि प्रेक्षकाने लगेच बाजू घेतली असती. म्हणून तो पहिल्याच पानावर तिला निम्मे पैसे देऊ करतो. पैशाचा मुद्दा संपला. तरीही दोघं भांडतात, तेव्हा ऐकणारा कान टवकारतो.

पण भांडायला काहीतरी हातात लागतंच. ते मला गणपतीत सापडलं. गिऱ्हाईक इसार द्यायला तयार आहे आणि ताई म्हणते, यंदाचा गणपती होऊ दे, मग सही करते. मागणी एवढी साधी की नाही म्हणणारा वाईट दिसावा. आणि नंदूला तर नाही म्हणायचंच आहे.

नऊ ते बारा उजवं पान. सुरुवात चहाने.

ताई : साखर कुठे ठेवतोस आता?
नंदू : फडताळात. खालच्या खणात.
ताई : वर असायची.
नंदू : वर आईची औषधं असायची.
ताई : (डबा काढत) दोन चमचे ना तुला?
नंदू : बिनसाखरेचा घेतो. चार वर्षं झाली.

सहा वाक्यांत घराचा उल्लेख नाही आणि भांडण सुरू झालेलं आहे. ‘आता’ या शब्दाने ताई स्वतःच्याच घरात पाहुणी झाली. ‘वर असायची’ हा तिचा हक्क, मी हे घर ओळखते असं सांगणारा. नंदूचं उत्तर फक्त जागा सांगतं, पण ती औषधं कुणी दिली हे दोघांनाही माहीत आहे. याच्यापुढे मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘तुला काय माहीत म्हणा.’ ते लगेच खोडलं, कारण त्यात प्रेक्षकाचं काम नंदूच करून टाकत होता. खोडायची माझी कसोटी साधी आहे. वाक्य काढलं आणि पुढचं वाक्य तरीही तितकंच लागलं, तर ते वाक्य नकोच.

दुसरी कसोटी नावं झाकून वाचण्याची. कुठलंही वाक्य दुसऱ्याच्या तोंडी चाललं, तर ते कुणाचंच नाही. नंदू आकडे आणि जागा सांगतो: खालचा खण, चार वर्षं. ताई आठवणीवर बोलते. म्हणून ती हरू लागली की विषय बदलते, आणि तो हरू लागला की तारखा मोजू लागतो.

ताई : गणपतीनंतर करू की सही.
नंदू : पार्टी थांबायची नाही.
ताई : मी येते ना सगळं करायला.
नंदू : कधी येशील?
ताई : आदल्या दिवशी.
नंदू : माळ्यावरची भांडी काढून घासायलाच आठ दिवस लागतात, ताई.
ताई : समया कुणाला देणार आहेस?

या शेवटच्या ओळीवर मी खूप वेळ बसले. ताईने उत्तर दिलं असतं तर ती भांडत राहिली असती. विषय समयांवर नेते तिथे ती मनातून घर सोडते, आणि हे तिला स्वतःलाही कळलेलं नाही. सही पुढच्या प्रवेशात होईल. निर्णय मात्र इथे झाला.

दुपारी जेवून ‘द चेरी ऑर्चर्ड’ची काही पानं. १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरने ते रंगमंचावर आणलं. त्यातही बहीणभाऊ आहेत आणि घर जातंय. राणेव्स्कायाचा भाऊ गायेव जुन्या पुस्तकांच्या कपाटापुढे भाषण करतो आणि अडचणीत आला की बिलियर्डच्या खेळाचे शब्द पुटपुटतो. शेवटच्या अंकात लोपाखिनने वार्याला मागणी घालावी म्हणून दोघांना एकटं सोडलेलं असतं, आणि बोलणं थंडीवर, मोडक्या थर्मामीटरवर येऊन संपतं. तो प्रसंग लागतो कारण मागणीची वाट सगळं घर बघतंय हे प्रेक्षकाला आधीच सांगितलेलं आहे. दडलेलं कळायला आधी कुठेतरी बी पडावं लागतं.

म्हणून तीन वाजता मी पहिल्या अंकाकडे परत जाते. बहीणभावांच्या संवादाची खास अडचण ही की दोघांना सगळं माहीत असतं. ‘आई गेली तेव्हा तू नव्हतीस’ असं एकमेकांना माहिती देणारं वाक्य खोटं वाजतं. माहिती विचारायचा अधिकार परक्याला. तिथे दलाल उपयोगी पडतो. घर बघताना तो सहज विचारतो, ‘ताई कधी आल्या होत्या?’ नंदू म्हणतो, ‘बाराव्याला.’ बस. एवढा शब्द प्रेक्षकाजवळ असला की औषधांची ओळ घाव घालते. नसला तर ती औषधांचीच राहते.

संध्याकाळी साडेसहाला तालीम. ताईचं काम करणाऱ्या मुलीने साखरेची ओळ दाटल्या गळ्याने म्हटली. तिला आतलं कळलं होतं आणि तेच ती आवाजात घालत होती. मग खाली काही उरेना. दिग्दर्शकाने तिला फक्त काम दिलं: गॅसवर दूध वर येतंय, डबा खरंच शोध. फडताळात तीन सारखे डबे ठेवले. ती वैतागली, चुकीचं झाकण उघडलं, त्यात मीठ निघालं. ‘वर असायची’ हे वाक्य आता तक्रारीसारखं आलं आणि नंदूचं काम करणारा नट उत्तर देताना तिच्याकडे न बघता कप पुसत राहिला. हे मी लिहिलं नव्हतं. ते संहितेत घेतलं.

एक गोष्ट मात्र अडली. ‘आठ दिवस लागतात, ताई’ नंतर मी ‘स्तब्धता’ लिहिली होती. नट तिथे थांबले की प्रेक्षकाला इशारा मिळतो: आता काहीतरी खोल झालं. दिग्दर्शकाचं म्हणणं, ताईने न थांबता समयांवर उडी मारावी, घाई हीच तिची पळवाट. दोन्ही करून पाहिलं. घाईची बाजू बरोबर होती.

रात्री दहा. ‘स्तब्धता’ खोडली. दलालाचा प्रश्न पहिल्या अंकात फार उशिरा येतोय, तो इसाराच्या बोलण्याआधी हवा. उद्या सकाळी आधी तेवढी पानं हलवायची आणि मग सहीच्या प्रवेशाचं डावं पान लिहायला घ्यायचं.