पिंट्याचं ताट मांडावं का?

तुमचं पत्र वाचलं. चार वर्षांची लेक जेवताना शेजारी ‘पिंट्या’साठी ताट मांडायला लावते, पिंट्या खाटेखाली राहतो असं सांगते, आणि दूध सांडलं की नाव त्याचं घेते. सासूबाई म्हणतात, मुलीची दृष्ट काढा. पण तुम्हाला खरी धास्ती वाटली ती एका वाक्याने. ‘आई, पिंट्या माझं ऐकतच नाही.’ आपण रचलेलं पात्र आपलंच ऐकत नाही म्हणजे मुलीला काही भास तर होत नाही ना, असं तुम्ही विचारलं आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी हा भास वाटत नाही. असा सोबती बऱ्याच मुलांना असतो. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या मार्जरी टेलर यांनी कित्येक वर्षं याच विषयावर काम केलं. 2004 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सातव्या वर्षापर्यंत सुमारे 65 टक्के मुलांना कधी ना कधी काल्पनिक सोबती होता. ज्या बाहुलीला किंवा अस्वलाला मुलाने स्वतंत्र स्वभाव दिला होता, तीही त्यांनी यात धरली होती. थोरल्या आणि एकुलत्या मुलांत हे जास्त दिसतं, पण त्यावरून मूल एकटं पडलंय असा अर्थ काढू नका. अशी मुलं इतरांपेक्षा लाजरी असतात, असं काही या अभ्यासांत आढळलेलं नाही.

आता पिंट्याच्या हट्टीपणाकडे वळू. टेलर यांच्या मुलाखतींत कित्येक मुलांनी हीच तक्रार केली: सोबती खेळायला येत नाही, भांडतो, बोलावलं नसताना येतो. या गोष्टीचा धागा पुढे मोठ्या माणसांत सापडला. 2003 साली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 कथा-कादंबरीकारांना त्यांच्या पात्रांबद्दल विचारलं. त्यांतल्या बहुतेकांनी, म्हणजे 92 टक्के जणांनी, पात्रं आपल्या मनाने वागू-बोलू लागतात असा अनुभव सांगितला. एखाद्या पात्राशी मन पुरेसं रमलं, की त्याचं पुढचं बोलणं जुळवावं लागत नाही, ते आपसूक सुचतं. तुमच्या लेकीचं बहुधा हेच होतंय. शिवाय ऐकणारा पिंट्या तिच्या काय कामाचा? तुम्ही दिवसभर तिला जे सांगता, तेच तिला कुणाला तरी सांगायचं असतं, आणि समोरच्याने ऐकलं नाही तर काय करायचं हेही करून बघायचं असतं.

तिला हे खोटं-खोटं आहे हे कळतं का? तुमच्याच पत्रात याची खूण आहे. आजोबा पिंट्याच्या जागेवर बसले तेव्हा ती रडली नाही. ‘तो केव्हाच उठला,’ असं म्हणून तिने गोष्ट तिथल्या तिथे पुढे नेली. पिंट्याच्या वाटणीचा लाडू तिनेच खाल्ला आणि वर तो त्याला आवडला असंही सांगितलं. सोय बघून गोष्टीला वळण देता येणं म्हणजे तिची सूत्रं आपल्या हातात असणं. मुलाखतीत प्रश्नांची सरबत्ती झाली की काही मुलं स्वतःहून संशोधकांना समजावतात, की हा खराखुरा नाही बरं का! प्रश्न विचारणाऱ्याचा गैरसमज होऊ नये, एवढी काळजी ती घेतात.

म्हणून तिची उलटतपासणी करू नका आणि ‘असं कुणी नसतं’ म्हणून धमकावूही नका. रिकामं ताट मांडायला हरकत नाही, पण त्यात रोज वेगळं अन्न वाढण्याची गरज नाही. दूध सांडलं तर ‘सांडलं असेल पिंट्याने, आता तुम्ही दोघं मिळून फडक्याने पुसा’ एवढं पुरे. तिच्यावर खोटं बोलण्याचा आरोप नको, आणि काम टळायलाही नको. एक मात्र टाळा: ‘बघ, पिंट्याने भाजी संपवली’ असं म्हणत त्याला आपल्या बाजूने कामाला लावू नका. तो तिचा आहे. मोठ्यांनी ताबा घेतला की मुलांची त्यातली गोडी जाते. दृष्ट काढण्याने तिला इजा होणार नाही, पण ‘बाहेरचं काही लागलंय’ ही कुजबुज तिच्या कानावर पडू देऊ नका. जो खेळ तिला आनंद देतो, त्याचीच भीती तिच्या मनात बसेल.

हा सोबती काही महिन्यांत, कधी काही वर्षांत, बहुतेक वेळा गाजावाजा न करता जातो. शाळेच्या वयातही तो टिकला, तर तेवढ्यावरून घाबरू नका.

बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बालमानसतज्ज्ञांकडे कधी जायचं, तेही सांगते. ती पिंट्याला खरोखर घाबरू लागली असेल आणि खेळ थांबवायचा म्हटला तरी तिला थांबवता येत नसेल. तो स्वतःला किंवा इतरांना इजा करायला सांगतो असं ती म्हणत असेल. खऱ्या मुलांशी खेळणं तिने सोडलं असेल. किंवा बोलणं, झोप, खाणं यांत अचानक बदल झाला असेल, तर वाट बघू नका. तापात किंवा एखाद्या नव्या औषधानंतर नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जाताना पिंट्या काय म्हणतो, कधी येतो, तेव्हा ती कशी दिसते, हे तिच्याच शब्दांत लिहून न्या. निदानाला त्याची मोठी मदत होते.